खुलभर दुधाची कहाणी पाच मिनिटांत: पटकथेच्या नोंदी

९ जून

काम असं आहे: लोककथेवरून पाच मिनिटांचा ॲनिमेशनपट, पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, आणि तात्पर्य मुलांना स्पष्ट कळलं पाहिजे. पटकथा माझ्याकडे, चित्रं आमच्या चित्रकर्तीकडे. कथा निवडली श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची. कुठल्याही एका छापील पुस्तकातली वाक्यं उचलायची नाहीत, घरोघरी सांगतात तो सांगाडा घ्यायचा आणि शब्द आपले लिहायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

सांगाडा थोडक्यात असा. आटपाट नगरातल्या राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटते: सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणावं. धाकानं लोक वासरांना, मुलांना न देता सगळं दूध आणून ओततात, तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरच्या सगळ्यांना खाऊपिऊ घालून, गाईवासरांचं करून, उरलेलं खुलभर दूध आणते, आणि तेवढ्यानं गाभारा भरतो. दुसऱ्या सोमवारी शिपाई पहाऱ्यावर बसतो, त्याला काही उमगत नाही. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः बसतो, म्हातारीला विचारतो आणि ती कारण सांगते.

ही कथा घेण्याचं कारण तिच्या आकारात आहे. एकच जागा, एकच कृती, तीन सोमवार. मुलांना तिसऱ्या वेळेपर्यंत पुढचं ओळखता येतं, आणि चित्रांच्या बाजूनं पाहिलं तर तोच गाभारा, त्याच कोनातून, पुन्हा पुन्हा वापरता येतो.

१२ जून

लिहायला बसण्याआधी तात्पर्य एका वाक्यात मांडायला घेतलं, तर एका कथेत दोन तात्पर्यं निघाली. पहिलं: मोठ्या देखाव्यापेक्षा मनापासून दिलेलं थोडंसं देवाला पोचतं. दुसरं: आपल्यावर अवलंबून असलेल्यांच्या तोंडचं काढून केलेलं दान हे दान नव्हे. सांगताना दोन्ही एकत्र खपून जातात. पाच मिनिटांच्या चित्रपटात खपत नाहीत, कारण दोघांना वेगवेगळी दृश्यं लागतात. पहिल्याला म्हातारीचा चेहरा, तिची पूजा, तिचे जोडलेले हात लागतात. दुसऱ्याला भुकेलं वासरू लागतं.

दुसरं घेतलं. मनापासून म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलाला चित्रातून दाखवणं फार अवघड आहे, कारण श्रद्धेनं ओतणारा हात आणि नुसता ओतणारा हात दिसायला सारखेच असतात. भूक मात्र दिसते. शिवाय कथेतली म्हातारी स्वतः राजाला जे सांगते ते भुकेबद्दलच सांगते.

कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवलं: ‘आधी वासराला, मग लेकरांना, उरेल ते देवाला.’ जे दृश्य या ओळीला हातभार लावणार नाही ते कापायचं.

१७ जून

पहिला खर्डा पूर्ण झाला. सगळा निवेदनावर चालतो. निवेदक म्हणतो ‘राजानं दवंडी पिटवली’ आणि चित्रातही दवंडी पिटताना दिसते. मोठ्यानं वाचून घड्याळ लावलं तर नुसतं निवेदनच पाच मिनिटांच्या जवळ गेलं, म्हणजे चित्राला श्वास घ्यायलाही जागा नाही.

सोपा नियम लावला: चित्रात दिसतं ते निवेदकानं बोलायचं नाही. अर्ध्याहून जास्त निवेदन गेलं. ‘आटपाट नगर होतं’ ही सुरुवात ठेवली, काळ उलटल्याचं सांगणारी वाक्यं ठेवली आणि शेवटची ‘साठा उत्तराची कहाणी’ ठेवली. मुलांना तिचा अर्थ कळत नाही, पण तिच्या ठेक्यावरून गोष्ट संपली हे बरोबर कळतं.

२० जून

मागणी करणाऱ्यांकडून सूचना आली की चित्रपट सगळ्या प्रकारच्या शाळांत दाखवायचा आहे, तर देऊळ काढून गावचा हौद करता येईल का. करून पाहिला. राजाला हौद दुधानं भरायचा आहे, तो भरत नाही, म्हातारीच्या खुलभर दुधानं भरतो.

कथा कोसळली. हौदाला नाही म्हणता येत नाही. गाभारा भरत नाही तेव्हा कुणीतरी दूध नाकारतंय हे मुलाला न सांगता जाणवतं. हौद भरला नाही की मूल म्हणणार, गळका असेल. नाकारणारा काढला की न भरण्याला कारणच उरत नाही, आणि कारण नाही म्हणजे तात्पर्य नाही.

देऊळ परत आणलं. तडजोड एवढीच केली की देव बोलत नाही, प्रकट होत नाही, प्रकाशाचा झोतही पडत नाही. फक्त गाभारा, शाळुंका आणि एक समई. हे सूचना करणाऱ्यांनाही पटलं. लोककथा सगळ्यांसाठी करताना काय काढायचं हे ठरवायचं असेल, तर आधी ती गोष्ट कथेत कोणतं काम करतेय ते पाहावं. सजावट असेल तर खुशाल काढावी. इथे सगळी कथाच तिच्यावर उभी होती.

२५ जून

दुसरा खर्डा मुलांना वाचून दाखवला, सोबत चित्रकर्तीची पेन्सिलची काही चित्रं. वाचल्यावर विचारलं, ‘यातून काय शिकलात?’ उत्तरं तयार होती: देवाची भक्ती करावी, मोठ्यांचं ऐकावं, खोटं बोलू नये. कथेत कुणी खोटं बोलत नाही. या प्रश्नाला मुलं आपल्याला काय ऐकायचंय ते ओळखून उत्तर देतात, त्यातून पटकथेबद्दल काहीही कळत नाही.

मग प्रश्न बदलला: ‘गाभारा आधी का नाही भरला? आणि नंतर का भरला?’ आता खरं बाहेर आलं. ‘आजीचं दूध जादूचं होतं.’ ‘आजी देवाची लाडकी होती.’ एका मुलीनं विचारलं, ‘पण आधी ओतलेलं दूध गेलं कुठं?’ वासराचं नाव एकानंही काढलं नाही. खर्ड्यात वासरू होतं, पण पार्श्वभूमीला, गोठ्याच्या एका चित्रात, खुंट्याला बांधलेलं. ते दिसलं कुणालाच नाही.

दोन कामं ठरली. वासराला पुढे आणायचं. आणि दूध कुठं जातं याला चित्रात काहीतरी उत्तर द्यायचं.

२८ जून

गोठ्याचं दृश्य नव्यानं लिहिलं. इथे धार काढण्याची खरी पद्धतच उपयोगी पडली. वासराला आधी गाईखाली सोडतात, ते ढुसण्या देतं, गाय पान्हा सोडते, मग वासराला बाजूला घेऊन धार काढतात. त्याच्या वाट्याचं म्हणून दोन सड ठेवायचे, किंवा धार काढून झाल्यावर त्याला पुन्हा सोडायचं, ही माणसाची समजूत.

म्हणजे अन्याय दाखवायला वेगळं काही रचावं लागतच नाही. दवंडीनंतरच्या सकाळी वासरू सोडलं जातं, ते दोन घोट पितं, गाय पान्हवते, आणि त्याच क्षणी दावं ओढलं जातं. त्याच्या ओठांवर फेस आहे, जीभ अजून बाहेर आहे. चारही सड पिळले जातात. मग त्याला मुसकं बांधतात. हा चित्रपटातला सगळ्यात जवळून घेतलेला शॉट आहे आणि तो बराच वेळ टिकवला आहे. शब्द एकही नाही.

म्हातारीच्या घरी हेच दृश्य, हाच कोन, हेच वासरू ओढण्याच्या क्षणापर्यंत. फक्त दावं ओढलं जात नाही. ती दोन सड पिळते, दोन सोडते, वासरू शेपूट हलवत पीत राहतं. मुलानं पहिलं दृश्य पाहिलेलं असलं की दुसऱ्यातला फरक त्याला सांगावा लागत नाही. चित्रकर्ती खूश झाली, कारण अर्ध्याअधिक रेखाटनं तीच वापरता येणार.

घरातली लेकरंही हवीत, पण वासरू आणि मूल या दोघांचीही भूक पूर्ण दाखवायला वेळ नाही. मुलांना एकच चित्र दिलं: रिकामी वाटी बोटानं चाटणारा लहानगा. म्हातारीच्या घरी त्याच वाटीत दूध आणि नातवाला पांढऱ्या मिशा.

३ जुलै

आता दुधाचा प्रश्न. आधीच्या खर्ड्यात दूध ओततात आणि ते ‘नाहीसं होतं’ एवढंच होतं. चित्रकर्तीनं विचारलं, नाहीसं होतं म्हणजे मी काय काढू? तिनं देवळातल्या गोमुखातून दूध बाहेर वाहताना काढून पाहिलं, आणि ते बघून कुणीही म्हणेल की गोमुखाला बोळा लावा, भरेल गाभारा.

पुष्कळ उलटसुलट करून हा उपाय सापडला. गाभाऱ्याच्या भिंतीवर दगडी नक्षीचे तीन पट्टे कोरलेले दाखवायचे, खालून वर. तीच पातळी मोजायची पट्टी. लोक दूध ओततात, पातळी पहिल्या पट्ट्यापर्यंत येते. मग बाहेरून, लांबून, वासराचं हंबरणं ऐकू येतं आणि पातळी खाली उतरते. पुन्हा ओततात, दुसऱ्या पट्ट्याला टेकते, पुन्हा हंबरणं, पुन्हा उतरते.

हंबरणं आधी, उतरणं नंतर, आणि दोहोंच्या मध्ये एक सेकंद. हा क्रम फार महत्त्वाचा. दोन्ही एकदम झाली तर मूल आवाजाकडे लक्ष देत नाही, दुधाकडेच बघतं. उतरणं आधी आलं तर वासरू रडतंय ते दूध संपलं म्हणून, असा उलटाच अर्थ निघतो. आवाज, सेकंदभर शांतता, मग पातळी, असं ठेवलं की कारण आणि परिणाम यांची जोडी डोक्यात बसते.

म्हातारी आपलं खुलभर दूध ओतते तेव्हा हंबरण्याचा आवाजच नाही. फक्त तिच्या घरच्या वासराच्या गळ्यातली घंटा, सावकाश. पातळी चढते आणि थांबत नाही.

दूध कुठं गेलं याचं सरळ उत्तर अजूनही कुठं दिलेलं नाही. पण ते का गेलं याचं दिलं आहे, आणि मुलांना तेवढं पुरतं की नाही हे पुढच्या वाचनात कळेल.

८ जुलै

पटकथा दोन रकान्यांत मांडली: डावीकडे जे दिसतं, उजवीकडे जे ऐकू येतं. चित्रपटाच्या नेहमीच्या मांडणीत आवाज वर्णनात मिसळून जातो. आमच्याकडे तर कथेचा कणाच आवाज आहे, त्यामुळे तो वेगळा दिसायला हवा. पहिल्या सोमवारचा तुकडा असा झाला:

शॉट १९. दिसतं: गाभारा, समईचा उजेड. घागरी धरलेले हात, कोपरापर्यंतच. दूध पडतंय. पातळी पहिल्या पट्ट्याला टेकते. ऐकू येतं: दूध पडण्याचा आवाज, बाहेर गर्दीची कुजबुज.

शॉट २०. दिसतं: हात थबकतात. एका हातात हिरव्या बांगड्या, घागर अर्धी कललेली. ऐकू येतं: लांबून वासराचं हंबरणं. बांगड्यांची एक किणकिण. शांतता.

शॉट २१. दिसतं: फक्त भिंत आणि पट्टा. पातळी उतरते. ऐकू येतं: काही नाही.

नुसते हात दाखवण्याची कल्पना चित्रकर्तीची. आख्खं गाव काढायचं म्हणजे चेहरे, कपडे, चालणं, आणि हे सगळं हाताशी असलेल्या वेळेत बसणं शक्य नव्हतं. हात, बांगड्या, कडी, घागरींचे आकार बदलले की गाव दिसतं. शिवाय हिरव्या बांगड्यांचा हात तोच आहे ज्यानं गोठ्यात दावं ओढलं होतं. त्या बाईलाही हंबरणं ऐकू येतंय, तिलाही बरं वाटत नाहीये, हे एका थबकण्यातून कळतं. गावकरी वाईट नाहीत, भ्यालेले आहेत, आणि हे निवेदनातून सांगायला गेलो असतो तर दोन वाक्यं खर्ची पडली असती.

१५ जुलै

फोनवर तात्पुरता आवाज ध्वनिमुद्रित करून, स्थिरचित्रं वेळेनुसार लावून पाहिली. लांबी सात मिनिटं झाली. दोन मिनिटं कमी करायलाच हवीत. सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेमना धरलं, तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात. दोन मिनिटं म्हणजे १४४० चित्रं. पुष्कळ शॉट स्थिर असल्यानं खरा आकडा कमी भरेल, तरी हा भार एका माणसाच्या हातावर टाकता येत नाही.

वेळ गेला होता दोन ठिकाणी. एक, सुरुवात: नगर, वाडा, राजाची पूजा, प्रधानाशी सल्लामसलत. राजा कसा आहे ते कळायला हे सगळं हवंसं वाटत होतं. प्रधान पूर्ण काढला. राजा देवळात उभा आहे, गाभाऱ्याकडे बघतो, वर छताकडे बघतो, हात फाकून ‘एवढा!’ म्हणतो, आणि लगेच दवंडी.

दोन, दुसरा सोमवार. तो काढून टाकायचा मोह मोठा होता, कारण त्यात नवीन काहीच घडत नाही. काढून पाहिला तर तिसरा सोमवार पोकळ झाला. दोनदा घडलेल्या गोष्टीची सवय लागत नाही, आणि सवय लागली नाही की मूल पुढचं ओळखायचा खेळ खेळत नाही. म्हणून ठेवला, पण सहा छोट्या शॉटांत, सगळे आधीचेच, फक्त कोपऱ्यात पेंगणारा शिपाई नवा. पहिल्या सोमवारी ज्याला पाऊण मिनिट लागलं ते इथं पंधरा सेकंदांत उरकतं.

लांबी पाच मिनिटं वीस सेकंदांवर आली. वीस सेकंद नावांची पाटी लहान करून मिळतील.

२१ जुलै

तिसरा सोमवार, राजा आणि म्हातारी. आधीच्या खर्ड्यात ती लांबलचक समजावते: राजा, तुझ्या आज्ञेनं असं झालं, तसं झालं. ऐकताना बरं वाटतं, पण मुलांनी जे डोळ्यांनी पाहिलंय तेच ती पुन्हा सांगते, आणि तोंडाच्या हालचालींची चित्रं तेवढी वाढतात.

आता संवाद एवढाच आहे:

राजा: आजीबाई, भिऊ नका. सकाळपासून काय काय केलंत तेवढं सांगा.
म्हातारी: काय करणार, महाराज? वासराला पाजलं. नातवंडांना पाजलं. उरलं ते घेऊन आले.

ती शिकवत नाही, आपली सकाळ सांगते. मग बाहेर हंबरणं ऐकू येतं, या वेळी राजाही मान वळवतो आणि विचारतो, ‘हे कुणाचं वासरू?’ दारातला शिपाई खाली मान घालून म्हणतो, ‘आपल्याच गोठ्यातलं, महाराज.’ पुढच्या शॉटमध्ये राजाचे हात आहेत, ते मुसकं सोडतायत.

कथेत हे नाही, मी घातलं. मूळ कथेत राजाला पटतं ते ऐकून. पडद्यावर पटलेलं माणूस काहीतरी करताना दिसायला हवं, नाहीतर मुलाला ते पटलेलं कळत नाही.

२६ जुलै

मागणी करणाऱ्यांचा आग्रह: शेवटी पडद्यावर ‘तात्पर्य’ म्हणून एक वाक्य हवं. त्यांची गरज खरी आहे, वर्गात दाखवल्यावर शिक्षकांना धरायला एक वाक्य लागतं. पण गोष्ट संपल्यावर आलेली पाटी मुलं वाचत नाहीत, ती उठायला लागलेली असतात.

उपाय दवंडीत सापडला. पहिली दवंडी अशी आहे: ‘ऐका हो ऐका! घरातलं सगळं दूध देवळात! थेंबही मागं ठेवायचा नाही!’ शेवटी राजा दुसरी दवंडी पिटवतो, तोच माणूस, तोच डफ, तीच चाल: ‘ऐका हो ऐका! आधी वासराला, मग लेकरांना! उरेल ते देवळाला!’ माझ्या कागदाच्या माथ्यावरची ओळ जवळजवळ जशीच्या तशी कथेत गेली, राजाचा नवा नियम म्हणून. स्पष्ट आहे, ठेक्यात आहे, आणि उपदेश वाटत नाही, कारण गावाला ती बातमी आहे. पाटीचा आग्रह मागे घेतला गेला.

यामुळे पहिली दवंडी बदलावी लागली. आधी ती फार लांब होती, दुसरीशी तिचा ठेका जुळत नव्हता. दोन्ही डफावर म्हणून पाहिल्या तेव्हा कुठे नीट बसल्या.

२ ऑगस्ट

स्थिरचित्रांची नवी आवृत्ती वेगळ्या मुलांना दाखवली, आधी गोष्ट न सांगता. तोच प्रश्न: गाभारा का नाही भरला?

‘वासराला दूध नाही दिलं म्हणून.’ हे बहुतेकांकडून आलं, वेगवेगळ्या शब्दांत. तिसऱ्या सोमवारी हंबरणं ऐकू आलं तेव्हा पुढच्या रांगेतली दोघंतिघं आपणहून ‘आता खाली जाणार’ म्हणाली. दूध कुठं गेलं, असं या वेळी एकानंच विचारलं, आणि शेजारच्यानं त्याला ‘अरे, देवानं परत केलं’ असं सांगून टाकलं. हे कुठंही लिहिलेलं नाही. मी ते लिहिणारही नाही.

‘तू राजा असतास तर?’ या प्रश्नाला एकानं सांगितलं की मी आधी सगळ्या वासरांना दूध पाजलं असतं आणि मग गाभारा पाण्यानं भरला असता. तात्पर्य पोचल्याची यापेक्षा चांगली खूण मला नको.

एक गोष्ट राहिली होती. सगळ्यात लहान मुलांना मुसकं काय ते कळलं नाही, त्यांना वाटलं वासराला दागिना घातलाय. शॉटमध्ये एक भर घातली: मुसकं बांधल्यावर वासरू आईच्या सडाकडे तोंड नेतं आणि नुसतंच घासतं. चार सेकंद वाढली. ती दुसऱ्या सोमवारातून काढली.

६ ऑगस्ट

पटकथा पक्की करून चित्रकर्तीच्या हवाली केली. सोबत आवाजांची वेगळी यादी दिली, शॉटच्या क्रमांकानुसार, आणि प्रत्येक हंबरण्याच्या पुढे मधल्या शांततेची लांबी लिहिली. संकलनात ती शांतता ‘रिकामी जागा’ म्हणून सहज कापली जाते, म्हणून तिच्यापुढे लाल शाईनं ‘कापू नये’ असं लिहिलं आहे. म्हातारीची वाक्यं आणि दोन्ही दवंड्या चित्रं सुरू होण्याआधी पक्क्या आवाजात ध्वनिमुद्रित करायच्या आहेत, कारण ओठांच्या हालचाली त्यावर बसणार. निवेदन शेवटी केलं तरी चालेल.